मोतीबिंदूच्या ऑपरेशनची संमती घेताना या चुका टाळा

ऑपरेशनची माहिती रुग्णाला समजावून त्याची संमती घेण्याचे काम मी मराठवाड्यातील एका नेत्र विभागात बरीच वर्षे करत आहे. यातील सर्वात मोठी चूक माझ्या हातून एका शब्दामुळे झाली आणि तो शब्द म्हणजे ‘पडदा’.

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातून ६८ वर्षांच्या आजी आल्या होत्या. पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता, की त्यांना बोटे अगदी जवळ धरली तरच मोजता येत होती. भिंग इतके गढूळ झाले की त्यातून डोळ्याचा मागचा भाग डॉक्टरांना पाहता येत नाही. अशा वेळी डोळ्याची सोनोग्राफी करतात. पडदा जागेवरून सुटला आहे का, हे तिच्यातून कळते. मात्र मधुमेहाने त्याच्या मध्यभागी सूज आली आहे का, हे तिच्यातून खात्रीने सांगता येत नाही. मी आजींना सांगितले, “आजी, तुमचा पडदा कसा आहे ते ऑपरेशननंतरच कळेल.” त्या म्हणाल्या, “पडदा काढल्यावर दिसंल की मग.” मी मान डोलावली आणि अंगठा घेतला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. महिन्याभराने चष्मा लावूनही आजींना तक्त्यावरची ६/३६ ची, म्हणजे मोठ्या अक्षरांची वरची ओळच वाचता आली, कारण पडद्याला खरोखरच सूज होती. आजींचा मुलगा संतापला आणि ऑपरेशन बिघडवले म्हणाला. आमच्याकडे घरोघरी मोतीबिंदूलाच ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणतात, तर दवाखान्यात आम्ही डोळ्याच्या मागच्या, प्रतिमा उमटणाऱ्या थराला पडदा म्हणतो. मी ज्या पडद्याची शंका सांगत होतो, तोच पडदा आपण काढून टाकणार आहोत असे आजींना वाटले होते.

म्हणून पहिले पथ्य असे, की दोन्ही गोष्टींसाठी एकच शब्द वापरू नये आणि रुग्णाने वापरला तर त्याला कोणता पडदा अभिप्रेत आहे हे विचारून घ्यावे. त्या पिढीला मी आता जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाचे उदाहरण देतो. यंत्राची काच गढूळ झाली म्हणून चित्र अंधुक दिसते. ती काच म्हणजे डोळ्यातले भिंग आणि तिचे गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. आपण ती काच काढून नवी बसवणार आहोत, पण समोरचे कापडच ओलसर किंवा फाटके असेल, तर नव्या काचेनेही चित्र तितके स्वच्छ उमटणार नाही. मधुमेह असलेल्या किंवा काचबिंदूने डोळ्याची नस अशक्त झालेल्या रुग्णाला हे ऑपरेशनच्या आधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर सांगितले तर त्याला ती सबब वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

सही केव्हा आणि कोणाची

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाहुली मोठी करणारे थेंब घातले जातात. त्यानंतर काही तास जवळचे अक्षर धूसर दिसते, आणि ज्यांना वाचता येते त्यांच्याही हातात संमतीपत्र नेमके त्याच वेळी दिले जाते. हे टाळावे. तपासणी झाल्या दिवशीच, थेंबांच्या आधी, कागद मराठीतून वाचून दाखवावा आणि शक्य असेल तर घरी न्यायला द्यावा.

सही किंवा अंगठा रुग्णाचाच हवा. मुलगा शिकलेला आहे, तोच सही करेल, असे आई स्वतःच म्हणते. तरीही सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीऐवजी नातेवाईक संमती देऊ शकत नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: भूल दिल्यामुळे तात्पुरत्या बेशुद्ध असलेल्या सज्ञान महिलेच्या आईकडून घेतलेली संमती त्या प्रकरणात ग्राह्य धरली गेली नाही, कारण तातडीची स्थिती नव्हती. अंगठा घेतल्यास साक्षीदाराचीही सही घ्यावी. मुलाला जरूर जवळ बसवावे, पण प्रश्न आईला विचारावेत. कोणत्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, हे कागदावर अक्षरांत लिहावे आणि आजींनाच बोट लावून तो डोळा दाखवायला सांगावे.

“काही होत नाही, दहा मिनिटांचे काम आहे”

धीर देण्याच्या भरात हे वाक्य तोंडातून जाते. ऑपरेशन सुरक्षित आहे हे खरे आहे, पण ‘काही होत नाही’ हे खरे नाही. मी दोनच धोके सविस्तर सांगतो. नवे भिंग ज्या पातळ पिशवीत बसवायचे, ती पिशवी अनुभवी हातांतही शंभरात सुमारे एक-दोन रुग्णांत फाटू शकते. पिकलेल्या मोतीबिंदूत ही शक्यता वाढते आणि मग भिंग वेगळ्या जागी किंवा दुसऱ्या वेळी बसवावे लागू शकते. दुसरा धोका डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा. तो हजारात साधारण एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. टक्केवारीने आजींना काही कळत नाही. “तुमच्या गावासारख्या हजार माणसांच्या गावात सगळ्यांचे ऑपरेशन केले, तर एखाद्याला असे होऊ शकते,” असे म्हटले की त्या मान हलवतात.

सर्वांत नेहमीची तक्रार मात्र या दोन्हींची नसते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागते, कारण मागे राहिलेली ती पिशवीच धूसर होते. लेसरने काही मिनिटांत ती मोकळी करता येते. हे आधी सांगितले नसेल, तर ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ असा समज गावभर पसरतो. नेहमीचे भिंग बसवले तर जवळचे वाचायला चष्मा लागतोच, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

रुग्णाकडूनही एक माहिती मुद्दाम विचारून घ्यावी: लघवी अडत असल्यामुळे प्रोस्टेटची गोळी चालू आहे का. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो आणि बाहुली लहान होत जाते. गोळी आधी बंद करूनही हा परिणाम राहू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते आधी माहीत असले पाहिजे. पुरुष संकोचाने हे बायको-मुलांसमोर सांगत नाहीत. त्यांना एकट्यात विचारावे किंवा सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीतून आणायला सांगावीत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणी स्वतःहून बंद करू नये.

“समजले का?” हा प्रश्न

या प्रश्नाला आमच्याकडे सगळे ‘हो’च म्हणतात, डॉक्टरांसमोर ‘नाही’ म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. त्या आजी दीड वर्षाने डाव्या डोळ्यासाठी आल्या, तेव्हा मी विचारले, “आजी, घरी सूनबाई विचारतील काय करणार आहेत, तर काय सांगाल?” त्या म्हणाल्या, “काच बदलणार. कापड आधीच सुजलंय, म्हनून सुईसारखं बारीक दिसायचं नाही, पर वाट दिसंल.” त्यानंतर मी कागद पुढे केला.

घरी जाताना सांगायचे मी आता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घेतो: पहिल्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाली वाढली, पू आला किंवा चांगले दिसू लागलेले पुन्हा कमी झाले, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शेवटची एसटी गेली असेल तर गावात कोणाची गाडी मिळेल, हे मी मुलाला तिथेच विचारतो आणि त्याचे उत्तर कागदावर खाली लिहून घेतो.