रेयॉनवर पाण्याचे डाग: फक्त डागच धुऊ नका

पावसाळ्यात ठाणे स्टेशनवर उतरून सॅटिसच्या पुलाखालून चालत जाताना छत्रीच्या काडीवरून चार थेंब कुर्त्यावर पडतात. ऑफिसात पोचेपर्यंत ते वाळतात, पण त्यांच्या जागी गडद कडा असलेली वर्तुळं राहतात. दुकानांच्या रांगेतून जाताना वरच्या एसीचं पाणी ठिबकलं, तरी तेच. मग पहिली शंका येते ती पाण्यावर, की त्यात क्षार असतील किंवा मळ असेल. क्षारांचे डाग पडतात हे खरंच आहे. पण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, तरी रेयॉनवर त्याचाही डाग पडतो. म्हणजे बहुतेक वेळा डाग पाण्यातून येत नाही. तो कापडात आधीच असलेल्या गोष्टींचा असतो, पाणी फक्त त्या एका जागेवरून दुसरीकडे नेतं.

व्हिस्कोज हा रेयॉनचाच सर्वांत जास्त चालणारा प्रकार. लाकडाचा लगदा विरघळवून त्यातून हा धागा ओढतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहाडला, असा धागा बनतो. मुळात तो सेल्युलोजच, म्हणजे कापसाचा भाऊ, पण पाणी कापसापेक्षा कितीतरी जास्त पितो. ओला झाला की फुगतो आणि त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. शिवाय दुकानातल्या नव्या कापडावर मऊपणा, झळाळी किंवा ताठपणा यावा म्हणून फिनिश चढवलेलं असतं. कापडाला न चिकटलेला थोडा रंगही त्यात असतो.

थेंब पडला की त्याच्या कडेचं पाणी आधी वाळतं. ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना फिनिश, मोकळा रंग, असलेच तर क्षार, सगळं घेऊन जातं. टेबलावर सांडलेला चहा वाळला की त्याची कड का गडद दिसते, त्याचं कारणही हेच. म्हणून रेयॉनवर डागाचं मधलं फिकं दिसतं आणि कड उठून दिसते.

डागापुरतं ओलं करण्याची चूक

आपण करतो काय, तर ओला रुमाल घेऊन ती कड पुसतो. कड पुसली जाते, पण रुमालाचं पाणी तिच्या पलीकडे पसरतं आणि वाळताना तिथे नवी, आधीपेक्षा मोठी कड तयार होते. पुन्हा पुसलं की आणखी मोठी.

त्यात घासलं तर खरं नुकसान होतं. ओल्या, अशक्त धाग्यांचे बारीक तंतू सुटतात आणि तिथे पांढुरका, खरखरीत पट्टा दिसू लागतो. गडद रंगावर तो फारच उठून दिसतो आणि तो धुऊन जात नाही, कारण तो डाग नसतो, ते झिजलेलं कापड असतं. थेंब पडल्यावर कोरड्या रुमालाने नुसतं टिपावं आणि घरी येईपर्यंत हात लावू नये.

दुसरी चूक इस्त्रीची. सुरकुत्या मोडायला पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की प्रत्येक शिंतोड्याची कड एका क्षणात वाळते. बाहेर इस्त्रीला देत असाल तर भैयांना आधीच सांगा, "यावर पाणी मारू नका, उलटं करून करा."

आधी डाग ओळखा

कापड खिडकीजवळ धरून तिरकं बघा. कड गडद असेल तर फिनिश किंवा रंग सरकलाय. कड पांढरट आणि बोटाला किंचित भुकटीसारखी लागत असेल तर क्षार आहेत. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात धुतलेल्या कपड्यांवर हे दिसतं. कडच नाही, नुसता चमकदार ठसा आहे, तर तो इस्त्रीचा. आणि सगळा डाग सारखाच गडद, वाळूनही ओलसर दिसणारा असेल तर ते तेल. त्याचा उपाय वेगळा.

सगळा कपडा एकसारखा ओला करा

शेजारच्या वहिनींच्या बाटली-हिरव्या रेयॉन कुर्त्याचं उदाहरण घेते. अस्तर नाही, समोर छातीपासून पोटापर्यंत पाच-सहा गोल. आधी आतल्या शिवणीच्या दाबावर पाण्याचा थेंब टाकून पांढरा रुमाल दाबला. अगदी हलकी हिरवी झाक आली, म्हणजे धुता येईल, पण भिजत ठेवायचा नाही. रुमाल चांगलाच रंगला असता तर तिथेच थांबायला हवं होतं.

मग खांद्यापासून घेरापर्यंतची लांबी मोजून ठेवली. टबात दहा लिटर गार पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड एक चमचा. कुर्ता एकदम पूर्ण बुडवला. हळूहळू सोडला की पाण्याची रेघ उमटते. दोन-तीन मिनिटं तळहाताने नुसता वरखाली दाबला. उचलताना दोन्ही हातांवर, कारण खांद्याला धरून उचलला तर स्वतःच्या वजनानेच ताणला जातो.

खळबळणं नीट करावं लागतं. साबण राहिला तर पुढचा थेंब पडताच तोही कडेला जाऊन बसतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीनदा तरी काढा. कड पांढरट असेल तर आधी दहा लिटरला दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटं ठेवा आणि मग आरओच्या शुद्ध पाण्यात खळबळा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र इथे वापरू नका. क्षार त्यातच साठलेले असतात.

पिळायचं नाही. मोठ्या कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचं आणि दाबायचं. मग लांबी पुन्हा मोजली, कुर्ता जरा आटला होता. ओला असतानाच हलक्या हाताने ओढून मापावर आणला. वाळवणंही एकसारखं हवं. दोरीवर दुमडून टाकला की घडीपाशी एक रेघ आणि खाली पाणी साचून घेरावर दुसरी. जाळीच्या स्टँडवर आडवा पसरा, पंखा लावा, मध्ये एकदा उलटा. जुलैच्या दमट हवेत पंख्याशिवाय रेयॉन तासन्‌तास ओलं राहतं. किंचित दमट असताना आतून, वर सुती कापड ठेवून मध्यम तापमानावर इस्त्री करा.

वहिनींच्या कुर्त्याचे गोल गेले. एका ठिकाणी, जिथे आधी कुणीतरी घासलं होतं, तिथला फिका पट्टा राहिला.

बुडवता येत नाही तेव्हा

अस्तराचा ड्रेस, व्हिस्कोजचं मखमल, क्रेप, जरीकाम, किंवा लेबलवर फक्त ड्रायक्लीन लिहिलेलं असेल तर टब नको. क्रेप तर बघता बघता आटतो. कपडा हँगरवर अडकवून आतल्या बाजूने थोड्या अंतरावरून स्टीमरची वाफ द्या. डागापासून सुरुवात करून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सगळा भाग सारखा दमट करा. ओलाव्याची हद्द शिवणीवर आली की उरलीसुरली कड तिथे लपते. थेंब गळणारा स्टीमर असेल तर हा उपाय करूच नका.

लाँड्रीत देताना "हा पाण्याचा डाग आहे" असं स्पष्ट सांगा. ड्रायक्लीनचं द्रावण तेल काढतं. पाण्याने सरकलेलं फिनिश आणि क्षार त्यात सुटत नाहीत. न सांगता दिला तर कपडा स्वच्छ होऊन येतो आणि वर्तुळ तसंच असतं. सांगितलं तर तो भाग वेगळा, वाफेवर घेता येतो.