सारांश स्वीकृतीचा मेल मराठीत करताना या चुका टाळा

परिषदेसाठी पाठवलेला संशोधनाचा सारांश स्वीकारल्याचा इंग्रजी मेल मराठीत करताना पहिला घोटाळा बहुधा पहिल्याच ओळीत होतो. ‘अभिनंदन! आपला शोधनिबंध स्वीकारण्यात आला आहे,’ असं लिहून भाषांतर करणारा मोकळा होतो. मुळात स्वीकारलेला असतो तो सारांश, आणि मेलमध्ये पुढे ‘पोस्टरसाठी’ असंही म्हटलेलं असतं. तेवढं गळलं, की पहिल्यांदाच परिषदेला निघालेली आरोग्यसेविका दहा मिनिटांचं भाषण पाठ करत बसते. तिथे तिच्या वाट्याला असतो एक बोर्ड आणि चार टाचण्या. म्हणून सरळ लिहा: ‘तुमचा सारांश पोस्टरसाठी स्वीकारला आहे. भाषण नाही, ठरलेल्या वेळी पोस्टरजवळ थांबून विचारणाऱ्यांना समजावून सांगायचं.’

पोस्टरचं माप ‘ए-झिरो, उभं’ असेल तर ‘उभं’ हा शब्द सोडू नका. ८४ सेंमी रुंद, ११९ सेंमी उंच असं लिहून द्या. फ्लेक्सवाला फुटांत विचारतो, त्याला पावणेतीन बाय चार म्हटलं की काम होतं. आडवं छापलं तर ते उभ्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतं.

सगळ्यात महाग पडते ती नोंदणीची अट. इंग्रजीत ती इतक्या गोड भाषेत असते की मराठीत तिचं ‘कृपया वेळेत नोंदणी करावी’ होतं आणि वाचणाऱ्याला ती विनंती वाटते. खरं तर पुष्कळ परिषदांत मुदतीत पैसे भरले नाहीत तर सारांश कार्यक्रमातूनच काढतात. हा परिणाम त्याच वाक्यात यायला हवा. नोंदणी कोणी करायची तेही लिहा. सादर करणाऱ्यानेच करायची असेल, तर सरांनी स्वतःच्या नावाने भरलेली फी चालत नाही.

मुदतीपुढे कधी AoE अशी अक्षरं असतात. पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत, असा त्याचा अर्थ. १५ मार्च रात्री ११:५९ AoE म्हणजे आपल्याकडे १६ मार्च, संध्याकाळी ५:२९. भाषांतरात भारतीय वेळच द्या, आणि महिना अक्षरांत लिहा. ०३/०४ हा आकडा कोणी ३ एप्रिल वाचतो, कोणी ४ मार्च.

बटणांची नावं मात्र मराठीत करू नका. पडद्यावर Submit असेल आणि तुम्ही ‘सादर करा’ लिहिलंत, तर तो माणूस ‘सादर करा’ शोधत बसेल. ‘Submit असं लिहिलेलं बटण दाबा’ पुरेसं आहे.

पैसे कापले गेले पण नोंदणी क्रमांकाचा मेल आला नाही, तर काय करायचं हे मूळ सूचनांत अनेकदा नसतं. भाषांतराखाली वेगळी टीप म्हणून द्या: आधी स्पॅम बघा, लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, व्यवहार क्रमांक आणि सारांशाचा क्रमांक घालून आयोजकांना मेल करा.