नुसते ‘हॅलो’ पाठवून थांबणाऱ्यांना शिकवताना या चुका टाळा

शेतीसल्ल्यासाठी दिलेल्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पहिल्यांदाच संदेश पाठवणारी बरीच माणसे ‘हॅलो’ एवढेच लिहितात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. शिकवणाऱ्या तरुणांना याचे हसू येते, पण त्या माणसाच्या बाजूने हे वागणे अगदी सुसंगत असते. फोनवर ‘हॅलो’ म्हटले की समोरचा बोलू लागतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव असतो, आणि जाहिरातींतही ‘या क्रमांकावर हाय पाठवा’ एवढेच छापलेले असते. पुढे काय पाठवलेले चालते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे त्याच्या हातातला फोन काढून घेऊन स्वतः लिहून देणे. आमच्या भागातील एका ताईंचे सोयाबीन पिवळे पडू लागले, तेव्हा त्यांनी सल्लागारांना ‘हॅलो’ पाठवले, तिकडून ‘नमस्कार’ आले, ताईंनीही ‘नमस्कार’ लिहिले आणि संभाषण तिथेच थांबले. काही दिवसांनी सुट्टीवर आलेल्या भाच्याने “आण इकडे, मावशी,” म्हणत फोन घेतला, ‘सोयाबीन पिवळे पडले, उपाय सांगा’ असे लिहून पाठवले आणि तो पुण्याला परत गेला. सल्लागारांनी रास्त प्रश्न विचारला की पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जुन्या, आणि शिरा हिरव्या आहेत का. ताईंना उत्तर ठाऊक होते, कारण त्या रोज शेतात जात होत्या, पण ते पाठवायचे कसे हे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी पुन्हा ‘हॅलो’ पाठवले. हा प्रश्न किरकोळ नव्हता. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते, तर पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकचा संशय येतो, आणि दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे असतात.

भाच्याने तेवढाच वेळ देऊन त्यांच्याच अंगठ्याने आवाजी संदेश पाठवून घ्यायला हवा होता. यात एक बारीक अडचण आहे, जी घाईने शिकवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. लिहिण्याची चौकट रिकामी असेल तरच शेजारी माइकचे चिन्ह दिसते, आणि ‘हॅलो’ लिहिताच त्या जागी पाठवण्याचा बाण येतो. म्हणून मी आधी लिहिलेले पुसायला लावतो, मग माइक दाबून धरायला आणि बोलून झाल्यावरच अंगठा उचलायला सांगतो. अंगठा लवकर उचलला तर अर्धे वाक्य जाते, त्यामुळे लांब बोलायचे असेल तर दाबलेला अंगठा वर सरकवून कुलूप लावायला शिकवतो. काही जण फोन कानाला लावून बोलतात, त्यांनाही अडवू नये, कारण आवाज तरीही जातो.

काय बोलायचे, याचा नमुना मी लिहून देत नाही. तयार मजकूर पुढे पाठवण्याची पळवाट मला मुळीच पटत नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाला तो मजकूर कामाला येत नाही. मी समोर बसून एवढेच म्हणतो, “ताई, साहेब बांधावर उभे आहेत असे समजा आणि त्यांना सांगा.” मग आपोआप असे येते: “मी अमुक गावची, सोयाबीन पेरून दीड महिना झाला, आठ दिवसांपासून शेंड्याची पाने पिवळी पडताहेत, शिरा हिरव्या आहेत, अजून काही फवारले नाही, काय करू?” त्यासोबत एका पानाचा जवळून, त्याच पानाच्या मागच्या बाजूचा आणि संपूर्ण झाडाचा, असे तीन फोटो उन्हाकडे पाठ करून काढायला लावतो. पांढरी माशी पानाच्या मागेच बसते, त्यामुळे दुसरा फोटो कधीही वगळू नये.

पहिल्याच दिवशी मराठी कीबोर्ड शिकवू नका. प्रत्येक संदेशाचे वेगळे पैसे पडत नाहीत, फक्त इंटरनेटचा डेटा खर्च होतो, हे स्पष्ट सांगा. चुकीचा संदेश दाबून धरून सर्वांसाठी पुसता येतो, हे आधीच दाखवा, मात्र संदेश पुसल्याची खूण समोरच्याला दिसते हेही सांगा. ओटीपी, पिन आणि आधार कार्डाचा फोटो पिकाच्या सल्ल्यासाठी कधीच लागत नाही, हे त्याच बैठकीत बजावून ठेवा.

काही क्रमांकांवर माणूस नसतो, तर ठरावीक यादी येते: पिकासाठी 1, हवामानासाठी 2. तिथे पुन्हा ‘हॅलो’ पाठवले की बहुधा तीच यादी परत येते आणि माणूस समजतो की फोन बिघडला. अशा ठिकाणी फक्त आकडा पाठवायला सांगावे, आणि यादीत आपला प्रश्नच नसेल तर किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या निःशुल्क क्रमांकावर फोन लावून द्यावा, कारण तिथे ‘हॅलो’ने सुरुवात केलेली चालते.