आईला ब्लड गॅससाठी नेण्याआधी

सकाळी उठल्याउठल्या डोकं जड, दुपारी ओसरीवर बसल्याबसल्या मान कलते, रात्रीचं घोरणं मध्येच तुटतं आणि पाय सुजलेले. वजन शंभराच्या पुढे. अशा आईला चोपड्याहून किंवा यावलहून जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, तर निम्मं काम निघायच्या आधी घरीच होतं. शंका असते ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशनची. म्हणजे वजनामुळे श्वास अपुरा पडतो आणि जागेपणीसुद्धा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो. हा साठा ब्लड गॅस या रक्ततपासणीत कळतो.

आधी वजन आणि उंची. घरातले छोटे काटे मोठ्या वजनाला धड चालत नाहीत, तेव्हा धान्याच्या दुकानातला पोत्यांचा काटा बरा. उंची भिंतीला टेकवून मोजा. समजा आई 52 वर्षांची, उंची 154 सेंटिमीटर, वजन 112 किलो. 112 ला 1.54 गुणिले 1.54 ने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 47 येतो. या आजाराचा विचार 30 च्या पुढे सुरू होतो, म्हणजे इथे तो करायलाच हवा.

मग श्वास मोजा, पण तिला न सांगता. सांगितलं की माणूस मुद्दाम लांब श्वास घेतो. ती टीव्ही बघत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा आणि आकडा कागदावर लिहा. हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते साध्या हिशेबात कळतं. छातीवर आणि पोटावर चरबीचा थर असला की प्रत्येक श्वासाला बरगड्यांना तो उचलावा लागतो आणि छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला पोट खाली ढकलावं लागतं. मेहनत वाढते, म्हणून शरीर लहान लहान श्वास भराभर घेतं. निरोगी माणूस मिनिटाला 14 वेळा 500 मिलीलिटर हवा घेतो असं धरू, म्हणजे 7 लिटर. आपल्या उदाहरणातली आई 24 वेळा 300 मिलीलिटर घेते, म्हणजे 7.2 लिटर. वरवर पाहिलं तर तिचीच हवा जास्त. पण प्रत्येक श्वासातले साधारण 150 मिलीलिटर नुसते श्वासनळ्यांत फिरून परत येतात. ते वजा केले की निरोगी माणसाला कामाची हवा 4.9 लिटर मिळते, तिला 3.6. त्यात मोठं शरीर कार्बन डायऑक्साइड तयारही जास्त करतं. तो बाहेर जायचा रस्ता अरुंद आणि माल मात्र जास्त.

बऱ्याच जाड माणसांचा मेंदू श्वासाचा जोर वाढवून हे निभावून नेतो, म्हणून वजन असलेल्या प्रत्येकालाच हा आजार होत नाही. काहींच्या मेंदूचा हा प्रतिसाद कमी पडतो. रात्री आडवं झालं की पोट पडद्याला वर ढकलतं, घसाही मिटतो आणि साठा आणखी वाढतो. रात्रभर साठलेला वायू दिवसा पुरता बाहेर पडला नाही की किडन्या बायकार्बोनेट धरून ठेवतात. त्यामुळे रक्ताचा आम्लपणा झाकला जातो आणि मेंदूची घंटा आणखी हळू वाजते.

म्हणून रात्रीचा व्हिडिओ घ्या. गच्चीवर झोपत असेल तर चादर छातीवरून बाजूला करा, बॅटरीचा उजेड तोंडावर न टाकता बाजूला ठेवा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या. घोरणं थांबून पोट हलत राहतं आणि मग जोराचा हुंदका देऊन श्वास सुटतो, असे दोन-तीन मिनिटांचे तुकडे पुरेत. ती उशा रचून बसूनच झोपत असेल तर तेही लिहून ठेवा.

घरात ऑक्सिमीटर असेल तर पाच मिनिटं स्वस्थ बसवून एक आकडा घ्या आणि दहा मिनिटं आडवं झाल्यावर दुसरा. मेंदी किंवा नेलपॉलिश असलेलं बोट टाळा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: हे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. शेजारच्याकडून सिलिंडर आणून लावला की आकडा 97 होतो, घर निर्धास्त होतं, आणि ती मात्र गुंगीत जात राहते. नुसता ऑक्सिजन जास्त दिला की या आजारात कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. आकडा 88 ते 92 च्या दरम्यान राहील इतकाच ऑक्सिजन, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आई हाक मारूनही नीट जागी होत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा ओठ निळे पडले असतील तर ही यादी बाजूला ठेवा, 108 ला फोन करा आणि गाडीतल्या माणसांना कार्बन डायऑक्साइड साठल्याची शंका सांगा.

जुन्या फायलीत रक्ताचा इलेक्ट्रोलाइट रिपोर्ट शोधा आणि बायकार्बोनेटचा आकडा पेनाने गोल करा. 27 च्या खाली असेल तर आजाराची शक्यता बरीच कमी होते. 27 किंवा जास्त असेल तर ब्लड गॅस करायलाच हवी. सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही हा आकडा चढतो, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला. झोपेची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अंगदुखीची कडक गोळी ही वेगळी बांधा आणि आधी दाखवा, कारण ती श्वास आणखी मंदावतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सुई लागण्याआधी सांगा. वर्षानुवर्षं चुलीचा धूर घेतला असेल तर तेही सांगा. थायरॉइड आणि फुप्फुसांची फुंकण्याची तपासणी त्यासाठीच होते, दुसरं कारण सुटू नये म्हणून.

ब्लड गॅससाठी उपाशी राहायची गरज नाही, भाकरी खाऊनच निघा. गाडीत पुढच्या सीटवर बसवा, मागे आडवं करू नका. रक्त मनगटाच्या रोहिणीतून घेतात, नेहमीच्या सुईपेक्षा थोडं जास्त दुखतं, मग पाच मिनिटं दाबून धरायचं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला किंवा नमुना बराच वेळ टेबलावर पडला तर आकडे बिघडतात. तपासणी वेळेत लागते ना, हे विचारायला संकोचू नका.

आपल्या उदाहरणातल्या आईचा रिपोर्ट समजा असा आला: पीएच 7.35, कार्बन डायऑक्साइड 58, ऑक्सिजन 56, बायकार्बोनेट 31. जागेपणी कार्बन डायऑक्साइड 45 च्या वर म्हणजे साठा आहे. पीएच जवळपास सावरलेला आणि बायकार्बोनेट चढलेलं, म्हणजे हे कालपरवाचं नाही, महिन्यांपासूनचं आहे.

पुढे बहुतेक मशीन लागतं. झोपेच्या तपासणीत घसा वारंवार मिटत असेल आणि तब्येत स्थिर असेल तर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप, नाहीतर श्वास आत ढकलणारं बायपॅप. "वजन कमी करा" हा सल्ला खरा आहे, पण आजार हटायला साधारण पाव वजन जावं लागतं, म्हणजे इथे 28 किलो किंवा जास्त. तोवर मशीन रात्रीचं काम करतं. मास्क बसून आणि झोपून दोन्ही वेळा घालून पाहा, कारण आडवं झाल्यावर कडेने हवा सुटते. घरी लाइट जाते, तेव्हा मशीन इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा आणि गरम पाण्याचा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी किती तास पुरते ते एका रात्री तपासा. एप्रिल-मेच्या धुळीत फिल्टर आठवड्यात काळा पडतो, जिनिंगजवळ घर असेल तर त्याआधीच. जास्तीचे फिल्टर मशीनसोबतच घेऊन या.