"माझे शब्द जसेच्या तसे लिहा!" : सभेत सचिवाने काय करावे

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. कोटेशनचा विषय निघतो, आवाज चढतात आणि कुणीतरी तुमच्या वहीकडे बोट दाखवून म्हणतं, "सेक्रेटरी, मी बोललो ते शब्दशः लिहा!" अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "लिहून टाका हो, वाद कशाला." दुसरा, "तशी तरतूद नाही म्हणून सांगा." चौदा वर्षं मी इतिवृत्ताची वही सांभाळतोय. हे दोन्ही सल्ले मला महागात पडले आहेत.

तरतूद नाही हे खरंच आहे. आदर्श उपविधींमध्ये इतिवृत्त कसं आणि किती दिवसांत करायचं ते आहे, शब्दशः नोंदीचा हक्क नाही. कंपनी कायद्यातही, म्हणजे २०१३च्या कायद्याच्या कलम ११८मध्ये, कामकाजाचा योग्य आणि अचूक सारांशच मागितला आहे. पण उभ्या सभेत कलमं ऐकवली की तो सदस्य गप्प बसत नाही, उलट निबंधकांकडे तक्रार तयार होते.

आधी पेन खाली ठेवा आणि विचारा, "तुमचा ठरावाला विरोध नोंदवू, की काही मागणी आहे?" बहुतेकांना यातलंच एक काहीतरी हवं असतं, आणि ते नावानिशी लिहिणं तुमचं कामच आहे. विरोध नोंदवणारा कार्यकारी समितीचा सदस्य असेल तर अजिबात टाळू नका. निर्णयाची जबाबदारी समितीवर सामूहिक असते, त्याला ती नोंद उद्या लागेल.

खरी अडचण येते ती आरोपाच्या वेळी. आमच्याकडे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय होता. ब विंगमधले एक गृहस्थ उठले : "तिन्ही कोटेशनं एकाच माणसाने टाइप केलीत, कमिटीने कमिशन खाल्लंय, शब्दशः लिहा." मी नवखा, लिहिलं. लगेच खजिनदार उठले, "मग माझं उत्तरही शब्दशः." मग त्यांचे शेजारी. नऊ पानं भरली, मधली वाक्यं मी आठवून जोडली, आणि मसुदा वाटल्यावर तिघांनीही लेखी कळवलं की "मी असं म्हणालोच नव्हतो." अर्धं शब्दशः, अर्धं आठवणीतलं, यापेक्षा वाईट इतिवृत्त नाही. त्यात "कमिशन खाल्लंय" हे वाक्य सोसायटीच्या वहीत, माझ्या सहीखाली गेलं. खजिनदारांनी अब्रुनुकसानीची नोटीस काढायची भाषा केली, तीही माझ्यासमोरच.

मात्र त्या गृहस्थांच्या बोलण्यात तथ्य होतं. दोन वेगवेगळ्या लेटरहेडवर "वॉटरप्रुफींग" हा शब्द एकाच पद्धतीने चुकला होता. म्हणून शिवी गाळताना मुद्दा गाळायचा नाही. "सविस्तर चर्चा होऊन ठराव मंजूर" असं लिहून मोकळे होणाऱ्या सचिवांचा मला त्या सदस्यापेक्षा जास्त राग येतो.

आज मी तिथेच, सभेत, वाक्य तयार करून मोठ्याने वाचतो : "सदनिका ब-३०४चे सदस्य यांनी तिन्ही कोटेशन एकाच ठिकाणी तयार झाल्याची शंका व्यक्त केली, दोन कोटेशनमधील समान चुकीकडे लक्ष वेधले व मूळ पत्रे तपासण्याची मागणी केली. ठरावास त्यांचा विरोध आहे." (वहीत नावही घालतो.) मग विचारतो, "मुद्दा आला का?" दहापैकी आठ वेळा मान हलते. लोकांना स्वतःचे शब्द नको असतात, आपलं म्हणणं दाबलं जाणार नाही एवढी खात्री हवी असते.

तरीही हट्ट असेल तर कोरा कागद पुढे करा : "तुमच्या हाताने लिहा, तारीख घाला, सही करा." सभाध्यक्षांच्या परवानगीने तो परिशिष्ट म्हणून जोडा, वहीत फक्त "निवेदन सादर केले" एवढंच लिहा. त्यात कुणावर थेट आरोप असेल तर सभाध्यक्षांनी जोडायला नकार द्यावा आणि तो पोच देऊन पत्रव्यवहाराच्या फाइलला लावावा. कागद हातात आला की बरेच जण "राहू द्या" म्हणतात. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून देण्याचं मात्र कबूल करू नका. एकाचं उतरवलंत की सगळ्यांचं उतरवावं लागेल.

पुढचं सोपं आहे. सभेपासून तीन महिन्यांत समितीने मसुदा तयार करायचा, समितीच्या सभेनंतर पंधरा दिवसांत सदस्यांना द्यायचा, त्यांनी पंधरा दिवसांत हरकती कळवायच्या. हरकत बरोबर असेल तर अंतिम इतिवृत्तात दुरुस्त करा. नसेल तर हरकत आली आणि ती का मान्य केली नाही, हे समितीच्या इतिवृत्तात एका ओळीत लिहा. वहीतली चूक व्हाइटनरने झाकू नका, पान फाडू नका. एक आडवी रेघ मारून शेजारी सही करा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे.