मांजर अचानक अंगावर धावून आलं? या चुका टाळा

“मांजर उगाच चावलं” अशी तक्रार आली की मी आधी घरातली खिडकी कुठे आहे ते विचारते. बहुतेक वेळा खिडकीबाहेर एखादा बोका येऊन गेलेला असतो. तो आपल्या हद्दीत दिसला की घरातलं मांजर लढायच्या तयारीत येतं, पण मध्ये काच किंवा जाळी असते. मग राग निघतो तो त्या वेळी जवळ असलेल्यावर, मग तो माणूस असो की दुसरं मांजर. पशुवैद्य याला रिडायरेक्टेड अग्रेशन म्हणतात. बोका निघून गेल्यावरही हा ताण लगेच उतरत नाही. कधी अर्धा तास लागतो, कधी अख्खा दिवस. म्हणून हल्ला झाला तेव्हा बाहेर कुणीच नव्हतं, तरी कारण बाहेरच असू शकतं.

ओळखीच्या एका घरातलं उदाहरण सांगते. तळमजल्यावरचं घर, मनी आणि भुरी या सख्ख्या बहिणी, एकाच टोपलीत झोपणाऱ्या. एका संध्याकाळी ग्रिलबाहेर बोका आला. मनी बाल्कनीच्या दारात गुरगुरत होती, भुरी काय चाललंय ते बघायला मागून आली आणि मनीने वळून तिलाच धरलं.

पहिली चूक तिथे झाली. घरच्या काकूंनी मनीला उचलायला हात घातला आणि मनगटात दात बसले. बुबुळं मोठी काळी, कान मागे चिकटलेले, शेपटी फटाफट आपटतेय, पाठीवरची कातडी थरथरतेय, असं दिसलं की मांजर कितीही लाडाचं असलं तरी हात लावायचा नाही. चुचकारायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. दोघी झुंजत असतील तर मध्ये मोठी उशी किंवा पुठ्ठा सरकवायचा. चिडलेली जिथे आहे त्या खोलीचा पडदा ओढायचा, दिवा घालवायचा, पाणी आणि लिटर बॉक्स आत ठेवून दार लावायचं. मग तिला एकटं सोडायचं. दार उघडल्यावर ती खायला लागली, अंग चाटायला लागली, तर ताण उतरतोय असं समजा. नुसती गप्प बसली असेल तर अजून थांबा.

चावा लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात. वरून भोक बारीक दिसतं, आत पू धरतो. रेबीजची लस घ्यायची का, हेही डॉक्टरच ठरवतील.

दुसरी चूक, काकूंच्या मुलाने मनीवर चप्पल उगारली. चिडलेल्या मांजराला त्यातून काहीच कळत नाही. आधीच घाबरलेल्या जनावराला आता माणसाचीही भीती बसते, एवढंच.

सर्वांत महागात पडली ती तिसरी चूक. रात्री दोघींना “चला, मिटवा आता” म्हणून एकाच पलंगावर ठेवलं. भुरी मनीला बघताच फिस्कारली, त्या फिस्कारण्याने मनी पुन्हा पेटली. त्यानंतर भुरी कपाटामागून बाहेर येईना. बोका कधीच निघून गेला होता, पण आता दोघींना एकमेकींचीच धास्ती होती. अशा जोड्या घाईमुळे कायमच्या बिघडतात.

मग नव्याने ओळख करून द्यायची तशी सुरुवात केली. दोघी वेगळ्या खोल्यांत, दार बंद. रोज एकीची चादर दुसरीकडे, म्हणजे वासाची सवय राहते. जेवणाच्या वाट्या दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ. दोघी दाराला लागून निवांत खायला लागल्यावर दाराची फट, मग जाळीचं पार्टिशन, तेही फक्त जेवणापुरतं. कुणी खाणं सोडून टक लावून बघितलं की एक पायरी मागे. याला दिवस लागतात, कधी आठवडे, आणि मला तरी दुसरा भरवशाचा रस्ता माहीत नाही.

हे चालू असताना बोका रोज येतच राहिला तर सगळं पाण्यात. काचेच्या खालच्या भागावर दुधी फिल्म चिकटवा, मांजर बसतं त्या उंचीपर्यंत. बाहेर खाणं ठेवत असाल तर ती जागा खिडकीपासून दूर न्या. बोक्याने कुठे लघवी फवारली असेल तर एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. वस्तीतल्या प्राणी संस्थेकडून त्याची नसबंदी करून घेता आली तर उत्तमच.

खिडकी झाकली, बोका यायचा बंद झाला, तरी हल्ले चालूच असतील तर पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. दातदुखी, सांधेदुखी, वयस्क मांजरात थायरॉइड, यांनीही मांजर असंच फाडून खायला उठतं.