दहा अंशांना दर दुप्पट: हा ठोकताळा कधी धरावा, कधी सोडावा

बारावीच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: "तापमान 10 अंशांनी वाढवल्यास अभिक्रियेचा दर दुप्पट होतो." पुढे काहीच नाही. कुठली अभिक्रिया, कुठल्या तापमानापासून, याचा पत्ता नाही. त्याचं कारणही हमखास चुकीचं दिलेलं असतं: "रेणूंची ऊर्जा दुप्पट होते." 30 अंशांवरून 40 वर गेलात तर केल्विनमध्ये तुम्ही 303 वरून 313 वर गेलात. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा जेमतेम 3.3 टक्के वाढली. दुप्पट होतो तो उंबरठा ओलांडू शकणाऱ्या मोजक्या रेणूंचा वाटा, आणि तोही उंबरठा ठरावीक उंचीचा असेल तरच. त्या उंचीलाच आपण सक्रियण ऊर्जा म्हणतो. व्हान्ट हॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ठोकताळा कुठे बसतो ते तपासायचं साधन 1889 साली अऱ्हेनिअस यांनी देऊन ठेवलंय. ते वापरायला एक स्टॉपवॉच आणि एक थर्मामीटर पुरतो.

आधी एक आकडा काढून ठेवा: दर दुप्पट व्हायला सक्रियण ऊर्जा किती हवी? दोन्ही तापमानांची सरासरी केल्विनमध्ये घ्या, तिला शंभराने भागा, वर्ग करा आणि 5.76 ने गुणा. उत्तर किलोज्यूल प्रति मोलमध्ये येतं. 30 ते 40 अंशांसाठी सरासरी 308, म्हणजे 3.08 चा वर्ग 9.49, गुणिले 5.76, साधारण 55. पुस्तकांत 53 दिसतं, कारण तिथे 25 ते 35 अंश धरलेले असतात. मुंबईत प्रयोगशाळेत एसी नसेल तर मे महिन्यात 25 अंशांचं पाणी नळाला येत नाही, त्यामुळे आपला आकडा 55.

आता प्रत्यक्ष अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोजायची. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यासारखी सोयीची जोडी नाही. 50 मिली 0.05 मोलर थायोसल्फेट बीकरमध्ये घ्या, खाली फुलीचा कागद ठेवा, 10 मिली 1 मोलर आम्ल ओता आणि स्टॉपवॉच सुरू करा. गंधक तयार होऊन द्रावण दुधी होतं आणि फुली दिसेनाशी होते. फुली झाकायला दरवेळी तेवढंच गंधक लागतं, म्हणून दर हा वेळेच्या व्यस्त प्रमाणात धरता येतो. बीकर तोच, आकारमान तेच, डोळा तोच ठेवा. सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे खिडक्या उघड्या हव्यात, दम्याचा त्रास असलेल्याने लांब थांबावं आणि 50 अंशांच्या वर जाऊच नये. काम झालं की द्रावण धुण्याच्या सोड्यात ओता.

इथपर्यंत कुणी चुकत नाही. चूक होते ती तापमानात, आणि ती मी स्वतः दोन वर्षं करत होते.

माझी रीत अशी होती: थायोसल्फेटचा बीकर गरम पाण्यात ठेवायचा, थर्मामीटर 50 दाखवायला लागला की बाहेर काढायचा, आम्ल ओतायचं, वेळ मोजायची आणि वहीत "50 अंश" लिहायचं. 30 अंशांना 48 सेकंद आणि "50 अंशांना" साडेअठरा सेकंद यायचे. गणित केलं की सक्रियण ऊर्जा 39 किलोज्यूल यायची. मी आम्ल बदललं, थायोसल्फेट नवीन बनवलं, मुलांच्या स्टॉपवॉचवर संशय घेतला. आकडा 39 च्या आसपासच राहायचा. चूक दरवेळी एकाच बाजूला जात असेल तर ती हाताची नसते, रीतीची असते, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

चूक अशी होती. थायोसल्फेट 50 अंशांवर होतं, पण आम्लाची बाटली टेबलावर होती, म्हणजे 30 अंशांवर. 50 मिली गरम आणि 10 मिली गार यांचं मिश्रण होतं 46.7 अंशांचं. बीकर बाहेर काढून कागदावर ठेवला की वरच्या पंख्याच्या वाऱ्याने आणखी अर्धा-पाऊण अंश जातो. म्हणजे अभिक्रिया चालली होती 46 अंशांवर, आणि मी लिहीत होते 50. मी 20 अंशांचं अंतर समजत होते, प्रत्यक्षात होतं 16 अंशांचं. त्याच साडेअठरा सेकंदांना 46 अंशांशी जोडलं, की सक्रियण ऊर्जा 48 येते. सेकंद बरोबर होते, अंश खोटे होते.

म्हणून माझा आग्रह असा. आम्लाची परीक्षानळीसुद्धा त्याच गरम पाण्यात, त्याच तापमानाला आणा. थर्मामीटर पाण्यात नको, मिश्रणात हवा. आम्ल ओतल्यावर लगेच एकदा वाचा, फुली गेल्यावर पुन्हा वाचा आणि दोन्हींची सरासरी लिहा. दोन वाचनांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर ते निरीक्षण टाकून द्या. "साधारण 40 होतं" हे तापमान नाही. दहा अंशांच्या अंतरात एका अंशाची चूक झाली, तर सक्रियण ऊर्जेत सरळ दहा टक्क्यांची चूक होते. सेकंदाची चूक त्या मानाने हलकी, पण गरम बाजूला तीही जड होते. 15 सेकंदांच्या वेळेत एक सेकंद चुकला तर उत्तर बारा टक्के हलतं. पंखा बंद करा.

गणित एका ओळीचं आहे:

```
Ea = 8.314 × ln(t1/t2) × T1 × T2 / (T2 − T1)
```

Ea म्हणजे सक्रियण ऊर्जा, t1 आणि t2 म्हणजे फुली झाकायला लागलेले सेकंद, T1 आणि T2 ही त्या वेळची तापमानं केल्विनमध्ये, उत्तर ज्यूल प्रति मोलमध्ये. सूत्र मुद्दाम या रूपात दिलंय. पुस्तकात 1/T1 वजा 1/T2 असतं आणि मुलं ते दोन्ही अपूर्णांक चार दशांश स्थळांपर्यंत तोडतात. 298 आणि 308 साठी तसं केलं तर 0.0034 वजा 0.0032, म्हणजे 0.0002. खरा फरक 0.000109 आहे. सक्रियण ऊर्जा जवळजवळ निम्मी येते आणि कॅल्क्युलेटर काही तक्रार करत नाही.

आमची निरीक्षणं: मिश्रण 30 अंशांवर असताना 48 सेकंद, 40 वर 26 सेकंद. गुणोत्तर 1.85, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम 0.613. सूत्रात घाला: 8.314 × 0.613 × 303 × 313 / 10, म्हणजे सुमारे 48,300 ज्यूल. 48 किलोज्यूल धरू. वर काढलेल्या 55 पेक्षा हे कमी, म्हणून दर दुप्पट झाला नाही, 1.85 पट झाला. ठोकताळा इथे चालतो, पण थोडा जास्त सांगतो. दोनच बिंदूंवर थांबू नका. पाच तापमानं घ्या, ln(1/t) आणि 1/T यांचा आलेख काढा, चढ मोजा. बिंदू सरळ रेषेत आले तरच पुढे जा.

आता याच 48 किलोज्यूलवरून पुढच्या दहा-दहा अंशांचा हिशोब करा. 20 ते 30 अंशांत दर 1.92 पट होतो, 30 ते 40 मध्ये 1.84 पट, 40 ते 50 मध्ये 1.77 पट, आणि कागदावरच 90 ते 100 पर्यंत गेलात तर 1.53 पट. अभिक्रिया तीच, उंबरठा तोच, पण गुणोत्तर घसरत जातं. "या अभिक्रियेचा दर दहा अंशांना इतके पट वाढतो" असं म्हणताना सुरुवातीचं तापमान न सांगणं ही चूकच आहे.

उलट बाजूही बघून घ्या. आम्लात साखरेचं विघटन हीच अऱ्हेनिअस यांच्या अभ्यासातली अभिक्रिया. तिची सक्रियण ऊर्जा 107 किलोज्यूलच्या आसपास आहे. 30 वरून 40 वर तिचा दर दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतो. हायड्रोजन आयोडाइड वायूचं विघटन तर सुमारे 184 किलोज्यूलचं, म्हणजे ठोकताळा साफ फसायला हवा. पण ते प्रत्यक्षात मोजतात 600 केल्विनच्या भागात. तिथे दुपटीला लागणारी ऊर्जाच 6.05 चा वर्ग गुणिले 5.76, म्हणजे 211 किलोज्यूल. म्हणून 600 वरून 610 केल्विनवर दर 1.83 पट होतो, आपल्या थायोसल्फेटसारखाच. त्यामुळे केवळ सक्रियण ऊर्जेचा आकडा बघून निकाल देऊ नका. तिची तुलना त्या तापमानाच्या दुपटीच्या आकड्याशीच करा.

गुणोत्तर 1.2 किंवा 1.3 आलं, तर आधी एक शंका घ्या: आपण अभिक्रिया मोजतोय की ढवळणं? शहाबादी फरशीचा तुकडा आम्लात टाकून बुडबुडे मोजणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. तिथे पृष्ठभागावर आम्ल पोचायलाच वेळ लागतो. पाण्यातल्या विसरणाची सक्रियण ऊर्जा 15 ते 20 किलोज्यूल असते, म्हणून 30 वरून 40 वर गेल्याने दर पाव पटीनेच वाढतो. ओळखायची खूण सोपी: तापमान न बदलता जोरात ढवळा. दर बदलला, तर तुम्ही काढलेली सक्रियण ऊर्जा त्या अभिक्रियेची नाही. इडलीचं पीठ फुगणं, दूध नासणं यांनाही हे सूत्र लावू नका. तिथे जिवाणू वाढत असतात आणि विकरं एका तापमानानंतर निकामी होतात. आलेख आधी चढतो आणि मग कोसळतो, त्याला सरळ रेषा बसतच नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दुपटी साखळीने लावत जाणं. 30 वरून 80 अंश म्हणजे पाच दुपटी, म्हणून दर 32 पट, असा तोंडी हिशोब करून लोक मोकळे होतात. 30 ते 40 मध्ये नेमकी दुप्पट होणारी, म्हणजे 55 किलोज्यूलची अभिक्रिया घेतली, तरी 80 अंशांवर ती 32 नाही, साधारण 22 पट वेगाने चालते. आपल्या थायोसल्फेटचे 48 किलोज्यूल घातले तर उत्तर 15 येतं.